नेर ते चिखलदरा, 24 युनिटची गाडी: मधे चार्ज करावी लागेल का?

नेरकर_मास्तर
नमस्कार मंडळी. सहा महिन्यांपूर्वी छोटी इलेक्ट्रिक गाडी घेतली, 24 युनिटची बॅटरी. आजवर नेर-यवतमाळ आणि नेर-दारव्हा एवढंच फिरलो. घरी 15 अँपिअरच्या सॉकेटवर रात्री लावतो, सकाळी फुल्ल.

आता ऑगस्टमधे जोडून सुट्टी आली आहे. आई, बायको, मुलगा आणि मी, चिखलदऱ्याला एक मुक्काम करायचा विचार आहे. नेर ते अमरावती 60, अमरावती ते परतवाडा 50, तिथून धामणगाव गढीवरून वर तीसेक. म्हणजे जाऊन 140, येऊन-जाऊन 280 किमी. कंपनीच्या कागदावर रेंज 300 च्या वर लिहिली आहे. मग हिशोबाने एका चार्जमधे जाऊन परत यायला हवं, नाही का? बायकोला पटत नाही. ती म्हणते, "घाटात बंद पडली तर आईंना घेऊन कुठं बसू?" अनुभवी लोकांनी सांगावं.

डिझेलवाला_दर्यापूर
सोपं उत्तर आहे मास्तर. शेजाऱ्याची बोलेरो मागा.

वरूडचा_संत्रा
चिखलदऱ्यात रेंज नाही राहत भाऊ, मी सांगतो ना. मागच्या वर्षी गेलो होतो, घाट लागला की रेंज जाते ते वर बाजारात पोचल्यावरच येते. दुसरं सिम ठेवा सोबत. वहिनीले घरी फोन लावाचा असन तर परतवाड्यातच लावून घ्या.

नेरकर_मास्तर
भाऊ, मी गाडीच्या रेंजबद्दल विचारतोय, मोबाईलच्या नाही 😄

पूर्णाकाठ
मास्तर, वरूडच्या भाऊंचं उत्तर हसण्यावारी नेऊ नका, त्याच्याकडे मी परत येते.

आधी तुमचे 300. तो आकडा ठरावीक चाचणीतला असतो. गाडी एका यंत्रावर ठरलेल्या चालीने, बहुतेक हळूच, पळवतात. तुमच्या गाडीत चार माणसं, बॅगा, ओला रस्ता, काचेवरची वाफ घालवायला एसी, आणि सत्तरचा वेग. असं धरलं की 100 किमीला 11 ते 12 युनिट लागतात. म्हणजे 24 युनिटमधे सपाटीवर 200 किमी, तेही शून्यापर्यंत ओढली तर. यवतमाळच्या फेऱ्यांत तुमच्या गाडीने किती घेतलं ते स्क्रीनवर दिसत असेल. तो आकडा आधी इथे टाका. कागदावरची रेंज विसरा, तुमच्या गाडीचा तुमच्या पायाखालचा आकडा हवा.

नेरकर_मास्तर
आत्ता खाली जाऊन बघून आलो. गेल्या 500 किमीची सरासरी 100 किमीला 10.8 युनिट दिसते. पण त्यात बहुतेक वेळा मी एकटाच होतो.

पूर्णाकाठ
छान, मग भरल्या गाडीला 11.5 धरू. आता घाट.

घाटाचं गणित वाटतं तेवढं अवघड नाही. परतवाडा ते चिखलदरा साधारण साडेसातशे मीटर चढ आहे. माणसांसकट तुमची गाडी अंदाजे दीड टन. दीड टन वजन 100 मीटर वर उचलायला जेवढी ऊर्जा लागते ती 0.4 युनिट. मोटर आणि बाकी ठिकाणी थोडं वाया जातं, म्हणून मी सरळ अर्धा युनिट धरते. दर 100 मीटर चढाला अर्धा युनिट, आणि हे सपाटीवरच्या खर्चाच्या *वर*. तुमच्या बॅटरीत अर्धा युनिट म्हणजे दोन टक्के.

म्हणजे घाटाचे 30 किमी असे: रस्ता सपाट असता तरी लागलेच असते ते 3 युनिट (वेग कमी, म्हणून थोडे कमी धरले), आणि उचलायचे साडेतीन ते पावणेचार. मिळून साडेसहा. 27 टक्के. तीस किलोमीटरला सत्तावीस टक्के! सपाटीवर एवढ्यात तुम्ही जवळपास 55 किमी गेला असता.

आता सगळं जोडा. नेर ते अमरावती 29 टक्के, अमरावती ते परतवाडा 24, घाट 27. एकूण 80. म्हणजे नेरहून फुल्ल निघून मधे कुठेही न थांबता तुम्ही वर पोचाल, 20 टक्के शिल्लक ठेवून. चढ लहान गाडीलाही होतो, त्याची काळजी नको. प्रश्न पुढचा आहे.

दिग्रसचा_पाटील
ताई, तुम्ही उगाच घाबरवून राह्यल्या. मास्तर, मी दोनदा जाऊन आलो आपल्या इलेक्ट्रिकनं. चढताना जे खाते ते उतरताना गाडी सगळं परत देते. ब्रेक दाबला की बॅटरी भरते, हेच तर इलेक्ट्रिकचं विशेष. मागच्या वेळी मले उतारात चार टक्के *वाढून* भेटले. वर 20 टक्के राह्यले म्हणजे खाली 24-25. आरामात या.

नेरकर_मास्तर
पाटील साहेब, असं असेल तर मग काळजीच मिटली. पूर्णाकाठ ताई?

पूर्णाकाठ
पाटलांचं अर्धं बरोबर आहे. त्यांना चार टक्के मिळाले असतील, खोटं नाही म्हणत. पण "सगळं परत" येत नाही.

साडेसातशे मीटर उंचीवरच्या तुमच्या दीड टनात तीन युनिट साठलेत असं समजा. उतरताना त्यातले दोनेक युनिट रस्त्यालाच जातात, कारण टायरचं घर्षण आणि वारा उतारावर काही सुट्टी घेत नाहीत. ते दोन युनिट सपाटीवर बॅटरीने दिले असते, इथे उतार देतो. म्हणजे *वाचले*, मिळाले नाहीत. उरलेलं एक युनिट मोटर उलटी फिरून बॅटरीत ढकलते, त्यातलंही थोडं गरम होण्यात जातं. हातात येतं अर्धा-पाऊण युनिट. शिवाय सगळा रस्ता एकसारखा उतार नाही. धामणगाव गढी सोडल्यावर परतवाड्यापर्यंत पुन्हा साधी सपाटी, तिथे गाडी बॅटरीतूनच खाते.

म्हणून माझा हिशोब साधा: चिखलदऱ्याहून परतवाड्यापर्यंत फुकट. वरती जेवढे टक्के, खाली तेवढेच, एखाददुसरा इकडे-तिकडे.

आता तुमचा 20 टक्क्यांचा बेत बघा. वर 20. परतवाड्याला 20. तिथून अमरावतीला 24 लागतात. चार टक्के कमी पडले! आसेगाव पूर्णा ओलांडून वलगावच्या आसपास उभे राहाल, आणि आई मागच्या सीटवर.

दिग्रसचा_पाटील
पण वर रात्रभर लावतील ना गाडी. हॉटेलात सॉकेट काय नसते का?

पूर्णाकाठ
तेच म्हणते. तुमचा सगळा बेत एका न पाहिलेल्या सॉकेटवर उभा आहे. मी नेहमी असं मोजते की मुक्कामाला प्लग *नाही* मिळाला, तर शेवटच्या खात्रीच्या चार्जरपर्यंत परत येता येईल का? तुमच्यासाठी खात्रीची जागा अमरावती. तिथे एक बंद असला तर दुसरा फास्ट चार्जर शोधता येतो. परतवाड्याचा भरवसा शून्य धरा, असला-चालला तर बक्षीस.

म्हणजे अमरावतीहून वर आणि वरून अमरावती, मधे एकही युनिट न घेता. 24 + 27 + 0 + 24 = 75. अमरावतीत 90 पर्यंत भरलं तर परत अमरावतीला 15 उरतात. प्रत्यक्षात दहा-बारा धरा. चालेल.

तेव्हा मूळ प्रश्नाचं उत्तर: हो, जातानाच अमरावतीत थांबा. तुम्ही 71 टक्क्यांच्या आसपास पोचाल, 90 ला निघा.

नेरकर_मास्तर
71 ते 90 म्हणजे किती वेळ? शोरूमवाला म्हणाला होता तासाभरात गाडी भरते.

पूर्णाकाठ
10 ते 80 तासाभरात. तो तास गाडी रिकामी असतानाचा आहे. 80 च्या वर गाडी स्वतःच प्रवाह कमी करते, चार्जर कितीही मोठा असला तरी. पाऊण तास धरा. 100 पर्यंत थांबू नका, शेवटच्या दहा टक्क्यांना तेवढाच वेळ लागेल आणि मागे रांगेतला माणूस शिव्या घालेल. आईंना गिला वडा खाऊ घाला, तेवढ्यात होतं.

एक अजून. घरून निघायच्या आदल्या रात्री गाडी घरच्या हळू चार्जरवर 100 होऊ द्या, आणि 100 दिसल्यावर लगेच काढू नका, ती स्वतः थांबेपर्यंत राहू द्या. तुमच्यासारख्या बऱ्याच गाड्यांत लोह-फॉस्फेटची बॅटरी असते. तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात फारसं हलत नाही, त्यामुळे कधी पूर्ण भरलीच नाही तर टक्क्यांचा काटा चुकत जातो. 18 दिसत असताना एकदम 9 व्हायचे प्रकार त्यातूनच होतात.

वरूडचा_संत्रा
म्हणजे माझ्या मोबाईलसारखंच झालं की. 20 वरून डायरेक्ट बंद.

वायरमन_बुवा
परतवाड्यात वायरिंगची कामं करतो, वरच्या बऱ्याच लॉजची पण केली आहेत. सॉकेटचा विषय निघाला म्हणून लिहितो.

चिखलदरा थंड. तिथल्या बऱ्याच खोल्यांत एसी नसतात. म्हणून तुमच्याकडं यवतमाळ-अमरावतीच्या हॉटेलात एसीचा जो 15 अँपिअरचा पॉइंट सहज भेटते, तो वर नाही भेटत. खोलीतला 15 वाला एकच, तो गिझरचा, बाथरूममधे. तिथून वायर ओढायची नाही, ओल्या जागेतून तर बिलकुलच नाही. बुकिंगच्या वेळी "चार्जिंग आहे का" विचारलं तर मॅनेजर "हाव आहे" म्हणते. त्याले वाटते मोबाईलचं. विचाराचं असं: "पार्किंगजवळ 15 अँपिअरचा पॉइंट आहे का, पाण्याच्या मोटरचा किंवा किचनच्या फ्रीजचा, आणि त्याले अर्थिंग आहे का?" फोटो मागवा व्हॉट्सअॅपवर.

अर्थिंग नसलं तर गाडीचा चार्जर लाल लाईट देते आणि भरतच नाही. पुष्कळ लॉजवर तिसरी पिन नुसती शोभेले असते, मागं वायरच नाही. आणि लोकं मग काय करतात, अर्थ आणि न्यूट्रल प्लगमधेच जोडून चार्जरले फसवतात. हे करू नका. न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट येऊन जाईन.

एक्स्टेन्शन लागलंच तर टीव्हीवाला बोर्ड नाही. अडीच एमएमची तीन कोरची केबल, 16 अँपिअरचा टॉप, आणि गुंडाळी पूर्ण सोडून. गुंडाळलेली ठेवली की रात्रभर आत गरम होते. लावल्यावर वीस मिनिटांनी टॉपले हात लावून पाहा. हात ठेववत नसन तर काढून घ्या.

नेरकर_मास्तर
बुवा, हे फार कामाचं. वर व्होल्टेज कसं असतं?

वायरमन_बुवा
पावसाळ्यात भरवसा नाही. संध्याकाळी सगळे गिझर-शेगड्या लागले की 180-190 पर्यंत पडते. वारं सुटलं, झाड पडलं, की लाईन गेली दोन-चार तास. रात्री अकरानंतर बरं राहते. घरी तुम्हाला रात्रीतून गाडी फुल्ल होते, तिथं नाही व्हायची. घरी जेवढं भरते त्याचं निम्मं धरा. आणि मालकाला युनिटप्रमाणं पैसे आधीच ठरवून द्या, बारा-पंधरा युनिटसाठी सकाळी भांडण नको.

शेंदूरजनाची_सून
माझ्या शेतात पंपाचं थ्री फेज कनेक्शन आहे, आणि दिराची आटाचक्की पण थ्री फेजवर. तिथे गाडी लावली तर तिप्पट वेगानं भरेल का? यांनीही हीच गाडी घ्यायचं काढलंय.

वायरमन_बुवा
नाही ताई. या छोट्या गाडीत जो चार्जर बसवलेला आहे तो सिंगल फेजचाच. तीन फेज आणून दिले तरी एकच वापरते. आणि पंपाचा दर शेतीसाठी आहे, त्यावर गाडी लावणं नियमात बसत नाही. चक्कीच्या मीटरवर लावा, पण वेग घरच्याइतकाच.

डिझेलवाला_दर्यापूर
गिझर, अर्थिंग, फेज... आमच्यात नळी लावली, पाच मिनिटं, चाललो.

पूर्णाकाठ
बरोबर आहे भाऊ, आणि घाटात तुमच्याही गाडीचा ॲव्हरेज पडतो, फक्त तुम्ही मोजत नाही 🙂

मास्तर, आता वरूडच्या भाऊंची रेंज. फास्ट चार्जर बहुतेक ॲपवर चालतात: ओटीपी येतो, मग गन सुरू होते. नेटवर्क नसेल तर चार्जर चालू असूनही उपयोग नाही. म्हणून अमरावतीतल्या दोन वेगवेगळ्या ॲपांत घरूनच नोंदणी करून थोडे पैसे भरून ठेवा. वर वनखात्याच्या रस्त्यावर ॲप डाउनलोड करत बसायची वेळ येऊ नये. आणि निघायच्या आदल्या दिवशी ॲपमधे बघा, त्या चार्जरवर शेवटचं चार्जिंग कधी झालं. कालचं असेल तर चालू आहे. तीन आठवड्यांपूर्वीचं असेल तर "उपलब्ध" अशी हिरवी खूण दिसली तरी मी जात नाही.

दिग्रसचा_पाटील
मले एक सांगा ताई. वर 38-40 टक्के घेऊन पोचाचं म्हणता. घाटात जाम लागला तर? 15 ऑगस्टच्या आसपास दोन-दोन तास गाड्या हलत नाहीत. तेव्हा तर पुरी बॅटरी उतरून जाईन.

पूर्णाकाठ
याची भीती सगळ्यांना वाटते, पण उभी गाडी फार खात नाही. मोटर फिरत नाही, म्हणून खर्च फक्त एसी-पंखा, दिवे आणि वायपरचा. पावसात ताशी अर्धा युनिट ते एक युनिट. दोन तास म्हणजे चार ते आठ टक्के. काच पुसली जाईल एवढाच एसी ठेवा.

मला जामपेक्षा दुसरी गोष्ट जास्त सतावते: दरड किंवा झाड पडून धामणगाव गढीचा घाट बंद. मग परतवाड्याहून घटांगवरून यावं लागतं, पंधरा-वीस किमी जास्त. ते आठ-दहा टक्के. म्हणून चढताना आणि उतरताना राखीव वेगवेगळं ठेवा. वर जाताना 20 च्या खाली पोचणार असाल तर जाऊच नका, कारण दहाच्या आसपास बऱ्याच गाड्या जोर आवरतात, आणि जोर चढावरच लागतो. परत येताना सपाट रस्ता, त्यात दहा टक्के पुरतात, वेग 50 वर आणला तर अजून लांबतात.

तुमच्यासाठी एकच आकडा: परतवाड्यात 65. तिथे 65 किंवा वर असेल तर वर चला. 55 असेल तर तिथेच थांबून कारण शोधा: पाऊस, समोरचं वारं, टायरची हवा, की पाय जड. 50 च्या खाली असेल तर अमरावतीला माघारी, मुलगा रडला तरी.

नेरकर_मास्तर
मुलापेक्षा आई रडेल, तिला देवी पॉइंट बघायचाय. ठरलं. परतवाडा 65. आल्यावर लिहितो.

परसोडीचा_बाळ्या
एक किस्सा माझा. नाव नाही घेत गाडीचं. तीन वर्षांपूर्वी वरून उतरलो, पायथ्याशी स्क्रीन म्हणे "अजून 170 किमी". टक्के होते 41. मी खूश. म्हटलं आता अमरावतीत थांबायचं कशाला, सरळ तिवसा गाठू. वलगावपर्यंत तो 170 चा आकडा 60 वर आला. तिवशाच्या अलीकडे गाडीने जोर आवरला, स्क्रीनवर कासवाचं चिन्ह, मग ढाब्यावर पाच तास. ढाबेवाल्याने तेवढ्यात तीनदा जेवण वाढलं आणि तीनदा विचारलं, "पेट्रोलची का नाही घेतली?"

पूर्णाकाठ
बाळ्याभाऊ, हे सोनं आहे. तो किलोमीटरचा आकडा नुकत्याच गेलेल्या रस्त्यावरून काढलेला असतो. उतारात खर्च शून्य, म्हणून गाडीला वाटतं पुढेही असंच. चढताना उलट: 12 किमी गेलात की 40 किमी कमी दाखवेल, घाबरू नका. घाटाच्या दिवशी त्या आकड्यावर कागद चिकटवा, फक्त टक्के बघा.

नेरकर_मास्तर
*(नऊ दिवसांनी)*
आलो मंडळी. खालचे आकडे मुलाने वहीत लिहिले आहेत, शाळेच्या प्रकल्पासारखे.

नेरहून पहाटे सहाला 100. अमरावतीत 72. पहिल्या चार्जरची गन लागली पण चार्जिंग सुरूच होईना, तीनदा प्रयत्न केला. दुसऱ्या ॲपचा चार्जर दोन किमीवर होता, तो चालला. 72 चे 91 व्हायला 40 मिनिटं. आईने गिला वडा खाल्ला आणि म्हणाली, "गाडी अशी रोज थांबत असेल तर मला चालेल."

परतवाड्यात 66. म्हणजे ठरल्यापेक्षा एक वरच, निघालो. धामणगाव गढीनंतर धुकं आणि गाड्यांची रांग. दीड तास जवळपास उभेच होतो. वर पोचलो तेव्हा 36. सत्तावीसच्या जागी तीस गेले. ताईंचा जामचा अंदाज बरोबर निघाला.

लॉजवर मोटरच्या पॉइंटवर लावली तर लाल दिवा. बुवांनी सांगितलेलं तंतोतंत. मग किचनच्या फ्रीजचा पॉइंट मिळाला, केबल पूर्ण सोडून खिडकीतून आणली, साडेनऊला सुरू. बारा ते चार लाईट गेली. सकाळी साडेसहाला 68. फ्रीज बंद ठेवावा लागला म्हणून मालकाचं दूध नासलं, त्याचे वेगळे पैसे दिले.

सकाळी देवी पॉइंट आणि भीमकुंड मिळून 18 किमी, चढउतारामुळे दहा टक्के खाल्ले. 58 ला परत निघालो. आता पाटील साहेबांसाठी खास: पायथ्याशी 62. चार टक्के वाढले, अगदी तुम्ही म्हणालात तसे.

दिग्रसचा_पाटील
पाह्यलं ना ताई! म्हटलं होतं मी!

नेरकर_मास्तर
थांबा, पुढे आहे. परतवाड्याच्या चौकात 59.

दिग्रसचा_पाटील
...

पूर्णाकाठ
पाटील, तुम्ही पायथ्याशी बघितलं, मी परतवाड्यात मोजलं. दोघंही खरे होतो 😄

नेरकर_मास्तर
अमरावतीत 35, अर्ध्या तासात 75 पर्यंत भरली, नेरला घरी 46. सरासरी सगळ्या प्रवासाची 100 किमीला 11.6.

एक गोष्ट मात्र कळली नाही. उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की गाडी स्वतः धरते त्याच्या तीन पायऱ्या आहेत. मी सगळ्यात जोराची ठेवली, आईला मळमळलं. मधल्या पायरीवर ठेवली असती तर कमी परत मिळालं असतं का?

पूर्णाकाठ
माझ्या मते फारसा फरक नाही, जोवर तुम्ही खरा ब्रेक जोरात दाबत नाही तोवर. हलक्या ब्रेकला काही गाड्या आधी मोटरनेच धरतात, काही सरळ चकतीने. तुमची कोणत्या जातीची ते एकदा तोच उतार दोन पायऱ्यांवर उतरूनच कळेल.

दिग्रसचा_पाटील
मी नाही मानत. जोराचीच पायरी पाहिजे, मधलीवर वाया जाते. पुढच्या महिन्यात जाऊन दोन्ही करून पाहतो, आकडे टाकतो इथं.

वायरमन_बुवा
पाटील, वर 100 करून उतरू नका फक्त. भरलेल्या बॅटरीत जागाच नसते, पहिल्या वळणांवर गाडी धरतच नाही, सगळा भार ब्रेकवर येते. 90 ला काढा.

शेंदूरजनाची_सून
मास्तर, मालकाच्या दुधाचे किती घेतले?

नेरकर_मास्तर
दोनशे. आणि वर रबडी खाऊ घातली आईला, फुकट.